घासून न निघणारा काळा पट्टा

त्वचारोगतज्ज्ञाच्या टेबलावर कापसाचे बोळे आणि स्पिरिटची बाटली कायम असते. इंजेक्शनआधी त्वचा पुसायला ती लागतेच, पण आणखी एका तपासणीसाठीही ती फार उपयोगी पडते. आई आठवी-नववीतल्या मुलीला घेऊन येते, तिची वेणी वर उचलून मान दाखवते आणि म्हणते, ‘‘डॉक्टर, रोज घासते हो हिची मान. डाळीचं पीठ झालं, लिंबू झालं, वज्रीसुद्धा लावून पाहिली. मळ काही निघत नाही.’’ मुलगी ओशाळून खाली बघत असते. डॉक्टर बोळा स्पिरिटमध्ये भिजवतात आणि मानेच्या काळ्या भागावर जरा जोर लावून फिरवतात.

बोळा तपकिरी झाला आणि त्याखालून स्वच्छ त्वचा दिसू लागली, तर तो खरोखरच साठलेल्या मृत पेशींचा आणि घामा-तेलाचा थर असतो. नियमित अंघोळ करणाऱ्यांच्या अंगावरही असा हट्टी थर बसतो. साबणाला तो दाद देत नाही, स्पिरिटने मात्र दोन मिनिटांत निघतो. बोळा पांढराच राहिला आणि काळेपणा जसाच्या तसा राहिला, तर डॉक्टर बोटाच्या टोकाने तो भाग चाचपून पाहतात. तिथली त्वचा जाडसर आणि मऊ लागते, मखमलीवरून बोट फिरवावं तशी. आडव्या रेषा ठळक झालेल्या असतात आणि रेषांमधली त्वचा किंचित उचललेली असते. शेजारी दोन-चार बारीक, लोंबणारी चामखिळंही बऱ्याचदा सापडतात. मग डॉक्टर आईला सांगतात, ‘‘ताई, हा मळ नाही. घासणं आजपासून बंद. आधी हिचं वजन-उंची बघू, मग रक्त तपासू.’’

मानेच्या काळेपणासाठी रक्त कशाला तपासायचं, हा आईचा प्रश्न रास्त असतो.

या काळ्या, मखमली पट्ट्याचं वैद्यकीय नाव अकँथोसिस निग्रिकन्स. मानेची मागची बाजू, काखा, जांघा, कोपरांच्या आतला भाग, कधी बोटांच्या पेरांवरची त्वचा, या त्याच्या ठरलेल्या जागा. नाव ऐकून वाटतं की त्वचेत काळं रंगद्रव्य वाढलं असावं. पण त्या त्वचेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर रंगद्रव्यात फारसा फरक दिसत नाही. दिसते ती त्वचेच्या वरच्या थराची वाढ. सर्वांत बाहेरचा मृत पेशींचा थर जाड झालेला असतो आणि त्याखालची त्वचा बारीक बारीक उंचवट्यांनी वर आलेली असते. हा जाड, सुरकुतलेला थरच आपल्याला काळा दिसतो. म्हणून रंग उजळवणारी क्रीमं इथे फारशी चालत नाहीत. रंग हा इथे परिणाम आहे, मूळ गडबड वाढीची आहे.

वाढ म्हटली की वाढवणारा कोणीतरी हवा. तो कोण, हे कळायला जवळपास नव्वद वर्षं लागली. १८९० मध्ये हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांच्या दुर्मिळ त्वचारोगांच्या चित्रसंग्रहात या विकाराच्या पहिल्या नोंदी छापल्या गेल्या. पॅरिसच्या दारिए यांनी तीनच वर्षांत त्याचा पोटातल्या कर्करोगाशी असलेला संबंध लक्षात आणून दिला. त्यामुळे पुढे बराच काळ डॉक्टर या काळ्या पट्ट्याकडे आधी कर्करोगाच्या शंकेने बघत. लठ्ठ माणसांतही तो दिसतो, हे माहीत होतं, पण ते दुय्यम मानलं जाई.

चित्र बदललं ते १९७६ साली. अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रोनाल्ड कान, जेफ्री फ्लायर, जेसी रॉथ आणि त्यांचे सहकारी अशा सहा स्त्रियांचा अभ्यास करत होते, ज्यांच्या शरीरावर इन्सुलिनचा जवळजवळ परिणामच होत नव्हता. सहाही जणींच्या अंगावर हा मखमली काळेपणा होता. त्यांतल्या तिघी तरुण होत्या. तिघी वयस्क होत्या आणि त्यांच्यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटल्याच्या खुणा होत्या. पेशींच्या पृष्ठभागावर इन्सुलिनला धरून घेणारे ग्राहक असतात. इन्सुलिन त्यांना चिकटलं की पेशीला साखर आत घेण्याचा निरोप पोचतो. सहाही जणींच्या पेशींवर इन्सुलिन नेहमीइतकं चिकटत नव्हतं. वयस्क गटात या ग्राहकांविरुद्धची प्रतिपिंडंच रक्तात सापडली. तरुण गटासारख्या रुग्णांत ग्राहकाच्या जनुकातच दोष असतो, हे १९८८ मध्ये सिद्ध झालं.

ग्राहक बिघडण्याचं कारण दोन्ही गटांत वेगळं होतं. दोघांमध्ये समान होती ती एकच गोष्ट: स्वादुपिंड जीव तोडून इन्सुलिन ओतत होतं आणि रक्तात त्याचा पूर आला होता. त्वचा काळवंडण्याचं कारण या पुरातच शोधायला हवं, हे तिथून स्पष्ट झालं.

हे घडतं कसं? इन्सुलिनसारखाच दिसणारा एक वाढीचा घटक शरीरात असतो, इन्सुलिन-सदृश वाढघटक-१. त्वचेच्या पेशींवर या घटकासाठी वेगळे ग्राहक असतात आणि त्यांचं काम पेशींना वाढायला, विभागायला सांगणं. इन्सुलिनचं प्रमाण नेहमीसारखं असतं तेव्हा ते या ग्राहकांच्या वाटेला जात नाही. पण तेच प्रमाण बराच काळ चढं राहिलं, की इन्सुलिन या दुसऱ्या ग्राहकांनाही चिकटू लागतं. गंमत म्हणजे स्नायू आणि यकृत साखरेच्या बाबतीत इन्सुलिनचं ऐकेनासे झालेले असतात, पण त्वचेतली वाढीची वाट उघडीच असते. साखरेचा निरोप पोचत नाही म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं आणि ते जादा इन्सुलिन त्वचेला वाढवत राहतं. मान, काखा, जांघा इथे घर्षण आणि घाम जास्त, म्हणून ही वाढ तिथे आधी नजरेत भरते. चामखिळं येतात तीही याच कारणाने.

बेथेस्डाच्या त्या सहा जणींसारखे रुग्ण अगदी विरळ. आपल्या घरात, शाळेत, बसमध्ये दिसणाऱ्या काळ्या मानांमागे बहुतेक वेळा साधी, रोजची इन्सुलिन-विरोधता असते. वजन वाढलेलं असतं, पोटाचा घेर सुटलेला असतो, घरात मधुमेह असतो. प्रक्रिया तीच, फक्त सौम्य आणि सावकाश.

आता त्या मुलीकडे परत येऊ. पुढची आकडेवारी कुणा एका मुलीची नाही. दवाखान्यात नेहमी दिसणारं चित्र समजावं म्हणून जुळवलेला हा नमुना आहे. वय १४, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. म्हणजे वजन-उंचीचा निर्देशांक २८ च्या वर. पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाली, पण अजून दोन-अडीच महिन्यांनी येते. आजी आणि काका मधुमेही. मानेवरचा पट्टा मागून दोन्ही बाजूंना येऊन समोरूनही दिसतो.

हा पट्टा किती गंभीर, हे मोजायची एक सोपी रीत १९९९ मध्ये अमेरिकेत बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. काहीच नसेल तर शून्य. अगदी जवळून बघितल्यावरच दिसत असेल तर एक. डोक्याच्या खालच्या कडेपुरता, मागेच मर्यादित असेल तर दोन. मानेच्या दोन्ही बाजूंपर्यंत आला, पण समोरून दिसत नाही, तर तीन. समोरूनही दिसला तर चार. टेप नको, यंत्र नको, फक्त मुलीला समोर उभं करून एकदा पुढून आणि एकदा मागून बघायचं. आपली ही मुलगी चौथ्या पायरीवर आहे.

प्रयोगशाळेतून रिपोर्ट येतो. उपाशीपोटीची साखर ९४. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारं एचबीएवनसी ५.६. उपाशीपोटीचं इन्सुलिन २४, आणि प्रयोगशाळेने शेजारी छापलेली मर्यादा २५ पर्यंत. एकाही आकड्यापुढे लाल खूण नाही. आई सुस्कारा टाकते, ‘‘सगळं नॉर्मल आहे ना?’’

इथेच घोटाळा होतो. उपाशीपोटीची साखर १०० च्या खाली असली, तर ती सामान्य धरतात. १०० ते १२५ मधुमेहपूर्व, १२६ आणि वर मधुमेह. या मापाने ९४ सामान्यच. पण ती साखर ९४ वर ठेवायला शरीराला किती इन्सुलिन लागलं, हे साखरेच्या आकड्यातून कळत नाही. म्हणून दोन्ही आकडे एकत्र घेऊन एक गणित करतात. उपाशीपोटीच्या इन्सुलिनला साखरेने गुणायचं आणि ४०५ ने भागायचं. याला होमा-आयआर म्हणतात आणि ते १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मांडलं. २४ गुणिले ९४ म्हणजे २२५६, त्याला ४०५ ने भागलं की साधारण ५.६. प्रौढांत अडीचच्या आसपास शंका घ्यायला सुरुवात होते. वयात येताना प्रत्येकच मुलीच्या शरीरात इन्सुलिन-विरोधता थोडी वाढते, म्हणून चौदाव्या वर्षी मर्यादा जरा वर धरतात. तरीही ५.६ जास्तच.

अर्थात या आकड्यालाही मर्यादा आहेत. इन्सुलिन मोजण्याच्या पद्धती प्रयोगशाळेगणिक बदलतात, एकाच माणसाचा आकडा दोन दिवसांत वेगळा येऊ शकतो. त्यामुळे फक्त इन्सुलिनच्या तपासणीवरून निदान करू नये, असं बऱ्याच तज्ज्ञांचं मत आहे आणि ते योग्यच आहे. एचबीएवनसीचीही एक खोड आहे. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त येऊ शकतो, आणि आपल्याकडच्या मुलींमध्ये रक्ताची कमतरता काही नवलाची नाही. म्हणून हिमोग्लोबिन शेजारी ठेवूनच तो वाचावा लागतो.

अशा मुलीत खरं चित्र दाखवणारी तपासणी म्हणजे ग्लुकोज पिऊन केलेली. रात्रभर उपाशी राहून सकाळी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पाच मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. मुलांसाठी वजनाच्या हिशेबाने, किलोमागे पावणेदोन ग्रॅम, पण ७५ च्या वर नाही. दोन तासांनंतर १४० च्या आत असेल तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे मधुमेहपूर्व, २०० आणि वर मधुमेह. आपल्या नमुन्यातल्या मुलीचा आकडा येतो १४८. उपाशीपोटी जे लपलं होतं, ते ग्लुकोजचा भार पडल्यावर उघड झालं. सोबत ट्रायग्लिसराइड १९० आणि चांगलं कोलेस्टेरॉल ३६, म्हणजे चरबीचा तोलही बिघडलेला. यकृताची एक चाचणी थोडी वाढलेली, म्हणून सोनोग्राफीत यकृतात चरबी साठली आहे का ते बघायचं. पाळीच्या अनियमिततेमुळे पीसीओएसचाही विचार करावा लागतो. त्यात इन्सुलिन-विरोधता, पुरुषी संप्रेरकांची वाढ आणि हा मानेचा पट्टा अनेकदा एकत्र येतात.

म्हणजे पट्ट्याने काय सांगितलं? रक्ताच्या साध्या तपासणीत जे दिसलं नाही, ते तपासायला हवं एवढंच सांगितलं. ‘ही मधुमेही आहे’ असं काही त्याने सांगितलं नाही.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण या खुणेवर भलताच भार टाकण्याचाही मोह होतो. टेक्सासचं उदाहरण बघण्यासारखं आहे. मेक्सिकोच्या सीमेलगत रिओ ग्रँडेच्या खोऱ्यात मेक्सिकन वंशाची मोठी वस्ती आहे आणि तिथे लहान वयातला टाइप २ मधुमेह वाढू लागला होता. १९९९ मध्ये तिथल्या सीमाभागातल्या शाळांत मुलांच्या माना बघण्याचा कार्यक्रम कायद्याने सुरू झाला. पुढे तो राज्याच्या आणखी भागांत पसरला. शाळेतल्या परिचारिका पहिली, तिसरी, पाचवी आणि सातवीच्या मुलांची दृष्टी आणि ऐकू येणं तपासतात, त्याच रांगेत मानही बघतात. पट्टा दिसला तर उंची, वजन, रक्तदाब घेतात आणि पालकांना चिठ्ठी पाठवतात: मुलाला डॉक्टरांकडे न्या.

स्वस्त आणि वेदनारहित कल्पना. सुई टोचायची नाही. पण अमेरिकेतच झालेल्या काही अभ्यासांनी एक अडचण दाखवली. मुलाचा लठ्ठपणा हिशेबात धरला, की मानेचा पट्टा त्यापलीकडे फारशी नवी माहिती देत नाही. स्थूल मुलांत पट्टा नसला तरी इन्सुलिन वाढलेलं असू शकतं. म्हणजे ‘मान स्वच्छ आहे, मग निश्चिंत राहा’ असं म्हणता येत नाही. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने म्हणूनच हा पट्टा एकट्याने निर्णायक मानलेला नाही. तो इतर जोखमींसोबत मांडलेला आहे: वजन जास्त असलेलं मूल, वय दहा किंवा वयात येण्याची सुरुवात, आणि त्याबरोबर घरात मधुमेह, आईला गरोदरपणी मधुमेह, किंवा पट्ट्यासारखी इन्सुलिन-विरोधतेची खूण, तर रक्त तपासा.

महाराष्ट्राच्या बाबतीत मात्र या खुणेला एक वेगळं वजन आहे, आणि त्याचं कारण पुण्यात शोधलं गेलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच एक फोटो छापला. दोघं शेजारी उभे. दोघांचाही वजन-उंचीचा निर्देशांक सारखाच, २२.३, म्हणजे कागदावर दोघंही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांत २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चालू असलेल्या गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात हेच नवजात बाळांत दिसलं. बाळं लहान जन्मत, सरासरी २.७ किलोची, पण तुलनेत त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी टिकून राहिलेली. याज्ञिकांनी अशा बाळांना बारीक पण चरबीयुक्त म्हटलं. म्हणूनच भारतीयांसाठी निर्देशांक २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात आणि २५ ला लठ्ठपणा. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० च्या वर गेला की सावध होतात.

याचा मानेशी संबंध काय? अमेरिकेत लठ्ठपणा डोळ्यांना दिसतो, त्यामुळे पट्टा त्याला दुजोरा देतो एवढंच. आपल्याकडे मात्र ‘तो कुठे जाडा आहे?’ असं ज्याच्याबद्दल म्हणतात, अशा पुरुषाच्या मानेवरही हा पट्टा सापडतो. वजनकाटा ज्याला पास करतो, त्याच्या कॉलरखाली जोखमीची खूण असू शकते. काही भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्यावरही ही खूण नोंदवली आहे: कानशिलांवर, गालांच्या वरच्या भागावर, कपाळाच्या कडेला काळसर, जाडसर पट्टा. लोक त्याला उन्हाने रापणं समजतात. तो जाडसर आणि खरबरीत लागतो का आणि मानेवरही आहे का, हे बघितलं की उन्हाच्या काळेपणातला फरक कळतो.

काळी मान म्हणजे सगळीकडे हाच विकार, असंही नाही. वर्षानुवर्षं वज्री किंवा नायलॉनच्या घासणीने पाठ-मान घासणाऱ्यांच्या त्वचेवर घर्षणाने सपाट काळेपणा येतो. तो हाडांच्या उंचवट्यांवर जास्त असतो आणि मखमली लागत नाही. खोट्या दागिन्यांच्या किंवा मंगळसूत्राच्या जागी काळवंडलं असेल, खाज येत असेल, तर तो धातूचा किंवा रंगाचा त्रास असू शकतो. बुरशीने येणाऱ्या शिब्यांना बारीक कोंडा असतो आणि ते गळ्यापेक्षा छाती-पाठीवर जास्त पसरतात. कोर्टिकोस्टिरॉइड किंवा नायसिनसारख्या काही औषधांनीही हा पट्टा येऊ शकतो. जन्मतः किंवा अगदी लहानपणी आलेला पट्टा कधीकधी जनुकीय असतो आणि त्याचं कारण इन्सुलिनमध्ये नसतंच.

आणि एक प्रकार दुर्मिळ पण दुर्लक्ष न करण्याजोगा. चाळिशी उलटलेल्या, बारीक माणसाला अचानक, काही आठवड्यांत हा काळेपणा आला, झपाट्याने पसरला, तळहात मखमली-खडबडीत झाले, ओठ किंवा तोंडाच्या आतही तो दिसू लागला, खाज सुटली आणि वजन उतरत चाललं, तर दारिए यांची जुनी शंका आठवायला हवी. अशा वेळी इन्सुलिनच्या मागे वेळ न घालवता पोटाची एंडोस्कोपी आणि पुढच्या तपासण्या करतात. जठराचा कर्करोग त्यांत पुढे असतो. चौदा वर्षांच्या वजनदार मुलीच्या मानेवर दोन-तीन वर्षांत हळूहळू आलेल्या पट्ट्याला ही भीती लावायचं कारण नाही.

त्या मुलीला डॉक्टरांनी काय सांगितलं असेल? सर्वांत आधी घासणं थांबवायला. घासल्याने त्वचा आणखी चिडते आणि आणखी काळवंडते. मग एक क्रीम बंद करायला सांगितलं असेल, जे घरात आधीपासून होतं. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी, गोरेपणासाठी म्हणून लावली जाणारी तीन औषधांची मिश्र क्रीमं आपल्याकडे सर्रास वापरली जातात आणि त्यांत बहुधा स्टिरॉइड असतं. महिनोन्‌महिने लावली की त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या उमटतात, थांबवली की आग होते. मानेचा पट्टा मात्र जागेवरच राहतो. युरिया, लॅक्टिक आम्ल किंवा ट्रेटिनॉइन असलेली मलमं जाड थर थोडा मऊ करतात. तेवढाच त्यांचा वाटा, आणि तोही त्वचारोगतज्ज्ञाच्या सांगण्यावरूनच.

खरी उतरण इन्सुलिनची व्हायला हवी. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा भाग स्नायूंकडे जातो. स्नायू काम करत असतील तर ते इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतात आणि व्यायामानंतर एक-दोन दिवस इन्सुलिनचं जास्त ऐकतात. म्हणून रविवारी एकदा तीन तास सायकल चालवण्यापेक्षा रोज अर्धा-पाऊण तास, जमलं तर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं जास्त उपयोगी. चहा-बिस्किटांची दुपार, गोड शीतपेयं, अभ्यास करताना तोंडात टाकलेला चिवडा-फरसाण हे आधी कमी करायचं, कारण त्याने भूक भागत नाही, पण स्वादुपिंड मात्र दिवसभर कामाला लागतं. ताटात डाळ, उसळ, ताक, अंडं किंवा मासे वाढले आणि पोळी-भात थोडा कमी झाला, की तेवढा बदल पुरेसा असतो.

६८ किलोच्या मुलीत पाच-सात टक्के म्हणजे साडेतीन ते पावणेपाच किलो. अमेरिकेतल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम, या उद्दिष्टांनी मधुमेहपूर्व प्रौढांत मधुमेह होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिनने तो ३१ टक्क्यांनी घटला. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या चमूने भारतीयांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जीवनशैली बदलाने धोका साधारण २८ टक्क्यांनी आणि मेटफॉर्मिनने २६ टक्क्यांनी कमी झाला. दोन्ही एकत्र केल्याने आणखी काही वेगळा फायदा झाला नाही. हे प्रयोग मोठ्या माणसांवरचे आहेत, चौदा वर्षांच्या मुलीवर ते आकडे जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत. मेटफॉर्मिन तिला द्यायचं की नाही, हे बालरोगतज्ज्ञ किंवा संप्रेरकतज्ज्ञ तिच्या पुढच्या तपासण्या बघून ठरवतात. फक्त मान काळी आहे म्हणून ते देत नाहीत.

त्वचा मात्र घाई करत नाही. इन्सुलिन उतरायला लागलं की मखमलीचा उंचवटा आधी कमी होतो, बोटाला सपाट लागू लागतो. रंग मागून उतरतो, त्याला अनेक महिने लागतात आणि कधी पूर्ण जातही नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी एकाच खिडकीच्या उजेडात, त्याच बाजूने मानेचा फोटो काढून ठेवणं आरशात रोज डोकावण्यापेक्षा बरं. त्यासोबत वजन, पोटाचा घेर आणि पाळीच्या तारखा नोंदवायच्या आणि सहा महिन्यांनी उपाशीपोटीची आणि ग्लुकोज प्यायल्यानंतरची साखर पुन्हा बघायची. पट्टा फिका होत असताना दोन तासांनंतरचा आकडा वाढताना दिसला, तर विश्वास रक्ताच्या आकड्यावर ठेवायचा.

चिठ्ठी लिहून झाल्यावर जाणकार डॉक्टर आणखी एक गोष्ट करतात. शेजारी उभ्या असलेल्या आई-वडिलांना कॉलर आणि पदर जरा बाजूला घ्यायला सांगतात. इन्सुलिन-विरोधता घरात एकट्या मुलीच्या वाट्याला सहसा येत नाही. वडिलांच्या मानेवर चार-पाच चामखिळं आणि मागे फिकट पट्टा निघाला, तर त्यांच्याही नावाची तपासणीची चिठ्ठी लिहिली जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी बापलेक दोघंही प्रयोगशाळेच्या रांगेत असतात.